उलटतपास : नाही

वकिलीतली चूक डॉक्टरच्या चुकीसारखी जमिनीखाली जात नाही. ती कागदावर राहते, शिक्क्यासकट. माझी एक चूक दोन शब्दांची आहे आणि तिची प्रमाणित नक्कल आजही माझ्या कपाटात आहे.

माझा अशील दुधाच्या पिकअपचा ड्रायव्हर होता, अमडापूरकडचा. पन्नाशी उलटलेला, बोलायला कंजूष. बायकोला लकवा मारलेला. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं काम तो स्वतः करायचा. फेरीवर गेला की शेजारीण करायची. मूलबाळ नव्हतं. एका सकाळी त्याच्या गाडीखाली सायकलवरचा एक माणूस गेला. ड्रायव्हरचं म्हणणं असं, की सायकलवाला डाव्या बाजूनं पुढं चालला होता आणि एकाएकी स्वतःच्या घराच्या बोळीकडं उजवीकडं वळला. त्याला वाचवायला यानं गाडी उजवीकडं घेतली आणि तिथंच तो सापडला. पोलिसांचं म्हणणं वेगळं. पुढच्या ट्रॅक्टरला मागं टाकण्यासाठी यानं गाडी भरधाव उजव्या बाजूला घातली. रक्त उजवीकडंच पडलं होतं, म्हणजे पंचनामा दोन्ही गोष्टींना चालण्यासारखा होता.

हा माणूस मेलेल्याच्या तेरवीला गेला होता. मांडवात नाही, बाहेर, गोठ्याजवळ जमिनीवर बसला, कुणी जेव म्हटलं नाही आणि हा उठला नाही. शेवटी मयताच्या भावानं येऊन सांगितलं, "आमची तक्रार नाही बापा, जाय घरी." तेव्हापासून सगळा गाव धरून चालला की केस मिटली. असा गुन्हा गावात मिटत नसतो, तो सरकारचा असतो, हे मी पोटतिडकीनं सांगायची आणि सगळे माना डोलवायचे. ऐकत कुणीच नव्हतं.

तालुक्याच्या कोर्टात साक्षी सुरू झाल्या. किराणा दुकानदार म्हणाला, आवाज ऐकून बाहेर आलो, आधीचं पाहिलं नाही. त्या दिवशी मी खुशीत होते. मग पिंजऱ्यात मयताची बायको आली. डोक्यावर पदर, नजर खाली. तिनं सांगितलं, "मी दारातच उभी होती. गाडी ट्रॅक्टरले मांगं टाकाले जोरात आली, उजव्या बाजूले आली, अन् माया माणसाले उडवलं."

मला माहीत होतं की ती दारात नव्हती. ड्रायव्हरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तो गाडीतून उतरला, माणसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यानंतर ती घरामागून पळत आली, दोन्ही हातांना भाकरीचं पीठ होतं. एकच प्रश्न पुरेसा होता. बाई, त्या वेळी तुमच्या हातात काय होतं?

मी उठले. तेवढ्यात मागून ड्रायव्हरनं माझा गाऊन ओढला. "मॅडम, तिले काही इचारू नका. तिचा माणूस गेला."

मी त्याच्याकडं रागानं पाहिलं. त्यानं हात जोडले होते. आता मी खरं सांगते, कारण खोटं सांगून फायदा नाही. मी त्याचं ऐकलं ते दयेनं नाही. मला वाटलं, विधवेला न छळणारी वकीलबाई न्यायाधीशसाहेबांच्या डोळ्यांत भरेल, आणि दुकानदार तर फुटलाच आहे. शहाणपणा नडला. मी म्हणाले, "उलटतपास नाही." साहेबांनी तेच लिहून घेतलं. ती पिंजऱ्यातून उतरली. सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नसतील.

शेवटी साहेबांनी आरोपीला त्याचं म्हणणं विचारलं, तर हा गडी प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढंच म्हणाला. सायकल वळली, मी वाचवायला गेलो, यातलं अवाक्षरही नाही. मी पढवलं होतं, पण ऐनवेळी त्याची बोबडी वळली. निकाल लागला : दोषी, एक वर्ष.

निकालाची प्रत त्याला तिथंच फुकट मिळाली. शिक्षा तीन वर्षांच्या आतली आणि तो आधीपासून जामिनावर, म्हणून अपील करता यावं यासाठी त्याच कोर्टानं शिक्षा थांबवली. बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, "तीस दिवस आहेत. जिल्ह्याच्या सेशन कोर्टात अपील. हायकोर्टात जायचं असतं तर साठ मिळाले असते, आपल्याला तीस."

"अन् तीस दिवसांत नाही झालं तं?"

"उशिराचं कारण पटवावं लागतं. पटलं तर ऐकतात. आपण ती वेळ येऊ देणार नाही."

आणि येऊ दिली नाही. नकला मिळायला लागतात ते दिवस मुदतीतून वजा होतात, मला त्यांचीही गरज पडली नाही. बाराव्या दिवशी अपील दाखल. सेशन कोर्टानं निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली, जामीन चालू राहिला. मी स्वतःवर खूश होते. ड्रायव्हर तर फारच. बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर चहा पिताना तो म्हणाला, "आता वरच्या सायबाले मी सगळं सांगतो. अथपासून इतिपर्यंत."

मला कपबशी आपटावीशी वाटली. "वरचे साहेब तुम्हाला काही विचारणार नाहीत. तुम्हालाही नाही, दुकानदारालाही नाही, तिलाही नाही. खाली जे लिहिलं गेलं ते सगळं कागद मागवून पुन्हा वाचतील. प्रत्येक साक्ष स्वतः तोलतील, खालच्यांचं चुकलं असं वाटलं तर सोडूनही देतील. पण वाचतील तेच, जे लिहिलंय."

"अन् जे लिवलं नाही?"

मी चहाचे पैसे द्यायला उठले.

दोन महिन्यांनी ती विधवा माझ्या घरी आली. मी ओळखलंच नाही, पदराशिवाय पाहिलं नव्हतं. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "त्याले जेल होते म्हन्तात. त्याची बायको पांगळी हाय, तिले कोन पाहीन?"

"हे तुम्हाला आता सुचलं?" मी खेकसले.

"मी पाह्यलंच नव्हतं, मॅडम. मी मांगं भाकरी करत होती. जमादारानं लिवलं, अन् म्हने, इचारतीन तं असंच सांगजो. मले वाटलं, तुम्ही इचारसान. म्या ठरवलंच होतं, इचारलं तं खरं सांगून टाकू. तुम्ही इचारलंच नाही."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि न्हाणीघरात जाऊन दोन्ही हातांनी तोंड दाबून रडले. एवढ्या वर्षांत अशिलासाठी रडण्याची ती पहिलीच वेळ.

मग मी अर्ज केला. अपिलातही कोर्टाला न्यायासाठी गरज वाटली तर जादा पुरावा घेता येतो. तिचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सरकारी वकील गालातल्या गालात हसले : खाली शपथेवर सांगितलं, आता गावानं बाईला वळवलं. कोर्टानं अर्ज शेवटच्या सुनावणीबरोबरच ऐकायचं ठरवलं. ती सुनावणी यायला दीड वर्ष लागलं.

त्या दिवशी साहेबांनी मला दीड तास ऐकलं. वाचून आले होते, पानं त्यांना तोंडपाठ होती. मी म्हणाले, गाडी जोरात होती एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही. ते म्हणाले, बरोबर, पण इथं चुकीची बाजूही आहे. मी म्हणाले, सायकल एकाएकी वळली. साहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, ही गोष्ट खाली कुठल्याही साक्षीदाराला सुचवली गेली का?"

"नाही."

"आरोपीनं स्वतःच्या जबाबात सांगितली?"

"नाही."

"बाई दारात नव्हत्या, असा प्रश्न त्यांना विचारला?"

मागच्या बाकावरून आवाज आला. "मी हाय ना इथं. मले आता इचारा."

ती उभी राहिली होती. शिपाई धावला, साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. "बाई, तुमचं म्हणणं अर्जात आलंय, मी वाचलंय. इथं असं उभं राहून साक्ष होत नाही. बसा."

ती बसली. मी म्हणाले, "नाही, विचारला नाही."

निकालात त्यांनी माझ्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं होतं. बाईची साक्ष आव्हानाशिवाय राहिली, पंचनाम्याशी जुळते, न स्वीकारण्याचं कारण नाही. खाली संधी असताना विचारलं नाही, ते भगदाड बुजवायला जादा पुरावा नसतो. अर्ज नामंजूर, दोष कायम. वय आणि बायकोचं आजारपण पाहून शिक्षा एक वर्षाची सहा महिने. तीन आठवड्यांत हजर व्हायचं. मी तो निकाल चारदा वाचला, चूक सापडावी म्हणून. राग काढायलाही त्यात जागा नव्हती. साहेबांच्या जागी मी असते तर तेच लिहिलं असतं.

"अजून एक आहे," मी ड्रायव्हरला सांगितलं. "नागपूरला हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणी. नव्वद दिवस असतात. पण तिथं साक्षी पुन्हा तोलत नाहीत, कायद्याची ढळढळीत चूक झाली का तेवढंच पाहतात."

"तिथं तिले इचारता येते?"

"नाही."

"मंग राहू द्या."

मी फार आग्रह केला नाही. ही चूकही माझ्याच खात्यावर लिहा.

बायकोला त्यानं देऊळगाव राजाला बहिणीकडं ठेवलं. कसं वळवायचं, उशी कुठं लावायची, बहिणीला चार दिवस शिकवलं. हजर व्हायच्या दिवशी मी बरोबर गेले. विचारावं की नाही असं करत शेवटी विचारलंच, "माझ्यावर राग आहे का?"

तो म्हणाला, "म्याच म्हनलं होतं ना, इचारू नका." आणि पोलिसाबरोबर आत गेला.

बहीण वाईट नव्हती. पण तिचं शेत होतं, तिचा संसार होता, दर दोन तासांनी ती घरात नसायची. बायकोच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, पाचव्या महिन्यात ती गेली. त्याला तेरवीपर्यंत पुरेल इतका तातडीचा पॅरोल मिळाला.

तेरवीला मी गेले. मांडवात पंगत बसली होती. तो मुंडन केलेला, फार वाळलेला, वाढणाऱ्यांकडं नुसता पाहत होता. मला भिंतीपलीकडं गोठ्याशी कुणीतरी बसलेलं दिसलं. ती विधवा होती. जमिनीवर, पदर डोक्यावर, नजर खाली. कधी आली कुणाला माहीत नव्हतं. बहिणीनंही तिला पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवून ती तरातरा निघाली. "कोन्त्या तोंडानं आली थे? इचारतेच तिले."

तो जागचा उठला, बहिणीच्या आडवा झाला आणि त्यानं हात जोडले. मी ते हात आधी पाहिले होते.

"तिले काही इचारू नको," तो म्हणाला.