एका पानात न बसलेला परिच्छेद

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हे मी खात्रीने लिहितो, कारण आमच्या जुन्या इमारतीत पावणेपाचला पाणी यायचं आणि तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात आधी तिची बादली नळाखाली लागायची. मी अडतीस वर्षं नळजोडणीचं काम केलं. कोणता पाइप कुणाच्या खोलीत वाजतोय, ते मला पांघरुणातूनही कळायचं.

पाणी भरून झालं की आईचं सगळं. आई अंथरुणाला खिळलेली, कानाने कमी, तोंडाने मात्र ठणठणीत. मग डबा. नऊच्या ठोक्याला ही कोर्टाच्या फाटकाबाहेर भिंतीलगत हजर. एक अरुंद टेबल, एक टाइपरायटर, एक स्टूल. स्टुलावर ती बसायची, गिऱ्हाईक समोर उभं राहायचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, पानामागे ठरलेले पैसे. पानात एक जरी चूक झाली तरी खाडाखोड करायची नाही. पान फाडून नवं टाइप करायची आणि फाडलेल्या पानाचे पैसे लावायची नाही. कोर्टातले लोक तिला बिनचूकबाई म्हणत. आमच्याकडे त्याचं बिनचूकताई झालं.

मी माणूस जोखतो तो त्याने काम पुन्हा केलं की नाही यावरून. जोड गळायला लागला की वरून कापड गुंडाळणारे पुष्कळ पाहिले. ही उघडून पुन्हा बसवणाऱ्यांतली.

इमारत धोकादायक आहे, पाडावी लागेल, अशी पालिकेची नोटीस आली. आम्ही भाडेकरू हायकोर्टात गेलो. पाडू नका, दुरुस्त करा, एवढीच आमची मागणी. दीड वर्षाने एका शुक्रवारी निकाल लागला आणि शनिवारच्या पेपरात दोन ओळी आल्या: भाडेकरूंची मागणी फेटाळली, इमारत पाडण्याचा मार्ग मोकळा.

संध्याकाळी सगळे जिन्यात जमले. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला सव्वीस वर्षं एकाच खोलीत इस्त्रीही करायचा आणि झोपायचाही. तो पायरीवर डोकं धरून बसला होता. "संपलं. आता टेबल डोक्यावर घेऊन फिरायचं."

"मी नाही हलणार," चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. "छप्पर अंगावर पडलं तरी नाही!"

"ते पडेलच, काळजी करू नका," मी म्हणालो. आतले पाइप मी पाहिले होते.

बिनचूकताईने वकिलाच्या ऑफिसातून निकालाची प्रत आणली होती. एक्केचाळीस पानं. ती म्हणाली, "निकाल कुणी वाचलाय? नाही ना? मग आधी वाचू दे. रडायला रविवार आख्खा आहे."

तिने शेवटची चार पानं आधी वाचली. मी विचारलं, उलटं का. "आदेश शेवटी असतो, दादा. आधीची पानं म्हणजे तो का दिला त्याची कारणं. लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि दहाव्या पानावर झोपतात." मग पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा, वहीत टिपत. रविवारी संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांना शाई होती आणि आईची कुरकूर चालू होती, "कोर्टातलं ते कोर्टात ठेव, घरात भाजी टाक."

सोमवारी तिने एक पान टाइप केलं. प्रती काढून दर दाराखाली सरकवल्या. त्यात लिहिलं होतं ते असं. इमारत दुरुस्त होण्यासारखी नाही, हे तज्ज्ञांच्या अहवालावरून कोर्टाने मान्य केलं आहे. म्हणून सहा आठवड्यांत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पाडण्याआधी पालिकेचा अधिकारी येऊन प्रत्येक खोली आतून मोजेल, तिथे प्रत्यक्ष कोण आहे ते यादीत लिहील आणि त्या यादीची प्रत प्रत्येकाला देईल. मालकाला नवी इमारत बांधायची असेल, तर यादीतल्या प्रत्येकासाठी तेवढीच जागा नकाशात दाखवावी लागेल. ती दाखवल्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळणार नाही.

चौथ्या मजल्यावरचा ओरडा थांबला. लोक ट्रंका उतरवून पुसू लागले. इस्त्रीवाल्याने ते पान भिंतीला खिळ्याने ठोकलं.

बुधवारी संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर आला तो हसतच. मी तिच्या दारातला नळ बघत होतो.

"ताई, तुमच्या पानाने काम सोपं झालं बघा. मालकाचे दिवाणजी आले होते. सामान हलवायच्या टेम्पोचे पैसे देतो म्हणाले. सही करून टाकली."

"कशावर सही?"

"खोली रिकामी करतो म्हणून. तुम्हीच लिहिलंय ना, रिकामी केली तरी हक्क जात नाही? दिवाणजींच्या हातात तुमचंच पान होतं. म्हणाले, तुमची बिनचूकच सांगतेय, मग भीती कसली?"

तिने त्याच्याजवळची त्या कागदाची प्रत हातात घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. मोठ्याने वाचली, आम्हालाही कळावं म्हणून. "मी या खोलीवरचा भाडेकरू म्हणून असलेला माझा हक्क स्वखुशीने मालकांस परत करीत आहे. पंधरा दिवसांत ताबा देईन. यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही."

इस्त्रीवाल्याचं हसू गेलं. "असं लिहिलंय त्यात?"

"तुम्ही वाचलं नाहीत, भाऊ?"

"तुमचं वाचलं होतं की."

ती खाली बसली. मग तिने निकाल काढला आणि सदतिसाव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. कोर्टाने तिथे म्हटलं होतं की हे संरक्षण यादीतल्या भाडेकरूंसाठी आहे. ज्याने स्वतःहून लेखी हक्क सोडला असेल, त्याच्याबद्दल हे कोर्ट काहीच ठरवत नाही. तो वाद योग्य त्या कोर्टात चालेल.

"हे मी वाचलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपणहून हक्क कोण सोडणार? आणि पान भरलं होतं. एका पानात बसावं म्हणून गाळलं."

मी पुन्हा नळाकडे वळलो. चूक तिची होती आणि ती तिला दिसत होती. अशा वेळी दुसऱ्याने तोंड उघडू नये.

आतून आई ओरडली, "काय झालं?"

"दुसरं पान लागणार आहे, आई."

"मग घाल की! कागद काय सोन्याचा आहे?"

मोजणी दुसऱ्या दिवशी अकराला होती. ताईने इस्त्रीवाल्याला खोलीतली बादली उपडी करून दिली आणि म्हणाली, "बसा. आता मी वाचते आणि तुम्ही मला तुमच्या शब्दांत परत सांगायचं. चुकलात तर चूक माझी."

पत्र तयार झालं. त्यात लिहिलं की कागद वाचून न दाखवता, फक्त खोली रिकामी करण्याचा आहे असं सांगून सही घेतली गेली. हक्क सोडायचा इरादा कधीच नव्हता. ताबा दिलेला नाही, आजही मीच तिथे राहतो आणि काम करतो. टेम्पोचे पैसे घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. ती सही मला मान्य नाही. इस्त्रीवाल्याने तीनदा परत सांगितलं. दोनदा अडखळला आणि दोन्ही वेळा तिने पान फाडून वाक्य बदललं. तिसऱ्यांदा तो धडाधड बोलला, म्हणाला, "आता दिवाणजी येऊ देत."

सकाळी आठला ती आणि इस्त्रीवाला मालकाच्या पेढीवर गेले. दिवाणजींनी पत्र घ्यायला नकार दिला. "मालक गावाला गेलेत."

"हरकत नाही. मग ते टपालाने येईल आणि पावती आमच्याकडे राहील," ताई म्हणाली. नऊला टपाल कचेरी उघडली, तेव्हा रांगेत पहिले हेच दोघे. तिथून पालिकेत. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घेतली. तिसरी वकिलाकडे दिली, चौथी इस्त्रीवाल्याच्या खिशात. साडेदहाला परत. तेवढ्या वेळात मी आणि चौथ्या मजल्यावरचा ओरडणारा घरोघर जाऊन जुनी पानं गोळा करून नवी देत होतो. नवा कागद दोन पानी होता. दुसऱ्या पानावर सगळ्यात वर ठळक लिहिलं होतं: मोजणी होऊन यादीची प्रत हातात येईपर्यंत खोली बंद करून जाऊ नका. मालकाच्या कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नका. समोरचा ते आपल्या शब्दांत परत कसं सांगतो हे ऐकल्याशिवाय कुणाच्या हातात कागद सोडायचा नाही, अशी ताईची ताकीद होती. चार मजले. माझे गुडघे मला शिव्या देत होते.

अधिकारी आला. फीता, पाटी, यादी. तळमजल्यावर पोचताच दिवाणजी पुढे झाले. "साहेब, ही खोली वगळा. यांनी हक्क सोडलाय, हा कागद."

इस्त्रीवाल्याने खिशातून शिक्का मारलेली प्रत काढली. ती पुढे धरून म्हणाला, "सही घेताना वाचून दाखवलं नव्हतं. ताबा माझ्याकडे आहे. हे पत्र तुमच्याच ऑफिसात आज दिलंय."

"मोजणीचा परिच्छेद बघा, साहेब, छत्तिसावा," ताई म्हणाली.

"बाई, पाठ आहे मला," अधिकारी वैतागून म्हणाला. मग दिवाणजींकडे वळला. "हक्क कुणाचा ते मी ठरवत नाही. कोर्टाने मला एवढंच सांगितलंय, प्रत्यक्ष कोण आहे ते लिहा. इथे इस्त्री गरम आहे आणि हा माणूस समोर उभा आहे. नाव लिहितो. तुमच्या दोघांचे कागद शेऱ्यात नोंदवतो. भांडायचं असेल तर कोर्टात भांडा."

त्याने फीता कपड्यांच्या फळीपर्यंत धरला. मी म्हणालो, "साहेब, भिंत फळीच्या मागे आहे." मधे नऊ इंच होते. नऊ इंच म्हणजे एक माणूस कुशीवर झोपेल एवढी जागा. त्याने फळी काढायला लावली आणि पुन्हा मोजलं.

मालकाने तो कागद घेऊन कुठल्याच कोर्टात दावा लावला नाही. ज्या कागदावर ताबाच मिळाला नव्हता, आणि सही नाकारल्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी शिक्क्यासह दाखल होतं, त्यावर लढणं त्याच्या वकिलालाही जड गेलं असावं. यादी हातात घेऊन आम्ही सहा आठवड्यांच्या आत बाहेर पडलो. इमारत पाडली. चार वर्षं इकडेतिकडे भाड्याने काढली. नकाशा मंजूर झाला तेव्हा यादीतलं एकही नाव गळालं नव्हतं.

नव्या इमारतीत इस्त्रीवाल्याला तळमजला मिळाला, नऊ इंचांसकट. ताईला तिसरा मजला. आई ते बघायला राहिली नाही. शेवटपर्यंत म्हणायची, "दुसरं पान घातलं होतंस ना?"

पाणी आता चोवीस तास असतं, तरी ती साडेचारलाच उठते. कोर्टाबाहेर बसणं मात्र सोडलं, घरीच काम घेते. दुसऱ्या इमारतींचे भाडेकरू आपापले निकाल घेऊन येतात. वीस वर्षं पान-पान टाइप करून साठवलेल्या मजुरीतून तिने नव्या खोलीसाठी एकच वस्तू नवी घेतली. लाकडी खुर्ची, पाठ आणि हात असलेली, चांगली जड. ती टेबलाच्या समोरच्या बाजूला ठेवली आहे. स्वतः ती अजून जुन्याच स्टुलावर बसते.