आजी जिवंत असताना धरलेलं सुतक

माझ्या बाबांनी आपल्या आईचं सुतक धरलं, तेव्हा ती जिवंत होती.

आज बाबांची तिथी, म्हणून लिहितोय. मी सातवी नापास, चुका सांभाळून घ्या.

गोष्ट तीस-बत्तीस सालची, माझ्या जन्माआधीची. बाबा मोंबासाच्या गोदीत फिटर होते. इथे रत्नागिरीत मांडवीला आजी, आत्या आणि बाबांचे काका.

माघात आजीच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरने मान हलवली. काकांनी तार केली. मदर सिरीयस, स्टार्ट.

आता तेव्हाची रीत ऐका.

माणूस मेला तरी तार 'सिरीयस' अशीच जायची. परदेशातल्याने बोटीवर एकट्याने रडत बसू नये म्हणून. दया हो, दया!

ही रीत मोंबासालाही सगळ्यांना ठाऊक. खोलीतले गाववाले म्हणाले, "गेली रे म्हातारी. आता धावून काय करतोस? डोकं भादर, दिवस धर."

मुंबईची बोट तीन दिवसांनी होती.

बाबा चढले नाहीत. त्यांचं पत्र चढलं. 'आईचे दिवस मी इथेच करतो. तेरावं तुम्ही नीट केलं असेलच.'

ते पत्र तार गेल्यापासून सतराव्या दिवशी मांडवीला पोचलं.

आजी शुद्धीवर होती. पुढचं मला आत्याने सांगितलं, ती तिथेच बसलेली.

"बाळूचं ना? वाचा की, भावोजी."

काकांनी मनात वाचलं.

"काय म्हणतोय मेला? मोठ्यानं वाचा!"

"येतोय म्हणतो, वहिनी. पुढच्या बोटीनं."

"मग माझे केस विंचर गो," आजी आत्याला म्हणाली. "असं बघून घाबरेल तो."

पुढे रोज केस विंचरून घेतले. पाच दिवस. मग गेली.

ज्या बोटीने पत्र आलं, तिनेच बाबा आले असते. पाच दिवस मिळाले असते.

काकांनी दुसरी तार केली. या वेळी मात्र स्पष्ट लिहिलं. मदर एक्स्पायर्ड यस्टरडे.

बाबांच्या डोक्यावर केस उगवायला लागले होते. पुन्हा काढले.

पन्नास वर्षांत बाबा माझ्याशी यावर एकदाच बोलले. "मला रीत माहीत होती, तेच वाईट झालं. अडाणी असतो तर धावलो असतो."

मी काकांना दोष देतो, खोलीवाल्यांना देतो. बाबांनी फक्त स्वतःला दिला.

माझा मुलगा दोहाला असतो. घरात सांगून ठेवलंय, पण कुणाचा भरवसा नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितो. त्याला "बाबांना जरा बरं नाही, येऊन जा" असं कुणी म्हणायचं नाही. आजारी असलो तर आजारी सांगा. कुठला आजार तेही सांगा. मेलो तर मेलो सांगा.

आणि मी वाट बघत असलो, तर तेही सांगा.

बाबा, नमस्कार करतो. आता आजीपाशी बसा.