क्लॅम्पखाली झाकलेला पाच

माझ्या फोनमध्ये माणसांचे फोटो कमी आणि ब्युरेटचे जास्त आहेत. काचेची उभी नळी, तिच्यावरच्या बारीक रेघा, मागे पांढरी फरशी, कडेला कुणाचा तरी अंगठा. प्रत्येक नमुन्याचे दोन फोटो, एक टायट्रेशनच्या आधीचा आणि एक नंतरचा. नंतरच्या आकड्यातून आधीचा वजा केला की किती द्रावण खर्च झालं ते कळतं, आणि त्यावरून समोरच्या भांड्यात किती क्लोरीन होता ते निघतं. हा नियम माझाच. वरून आलेला नव्हता.

जव्हारला आमची पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुके माझ्याकडे, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस मी मोखाड्याला बसायचो. पूर्वी एक तंत्रज्ञ होता, तो टायट्रेशन न करताच आकडे भरायचा. ते उघडकीला आलं तेव्हा खुलासा मला द्यावा लागला. तेव्हापासून मी कुणाच्या तोंडी आकड्यावर सही केली नाही. फोटो पाठवा, हिशोब मी करतो. लोक म्हणायचे, साहेब काटेकोर आहेत. मी काटेकोर नव्हतो, संशयी होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून खपून गेलं.

त्या तंत्रज्ञाच्या जागी बाई आल्या. वय तिशीचं, रसायनशास्त्रात एम.एस्सी. मी साधा बी.एस्सी. हेही मला टोचत असणार. माहेर सूर्यमाळच्या एका पाड्यावरचं. हात स्वच्छ, जीभ तिखट. पहिल्याच आठवड्यात विचारलं,

"सर, फोटोत माझा अंगठा चालेल, की त्याचंही ओळखपत्र जोडू?"

मी हसलो नाही. बाकीचे हसले, ते लक्षात ठेवलं.

उन्हाळ्यात आमचं मुख्य काम ब्लीचिंग पावडरचं. विहिरी तळाला जातात, टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि अख्खा पाडा तेच भरून नेतो. त्यात टाकायची पावडर कसाची हवी. निदान वीस टक्के क्लोरीन निघाला पाहिजे, त्याखाली गेला तर पोतं परत. फोडलेलं पोतं उन्हाळ्यात दिवसागणिक उतरतं, म्हणून काठावरची पावडर आम्ही पास करत नाही.

तपासणी अवघड नाही. एक ग्रॅम पावडर पाण्यात खलायची, पाव लिटर करायची. त्यातलं पंचवीस मिलिलिटर घेऊन पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं की आयोडीन सुटतं, पाणी तांबूस होतं. मग ब्युरेटमधून थायो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, सोडत जायचं. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्चचे थेंब, त्याने निळं होतं, आणि ते निळं ज्या थेंबाला जातं तिथे थांबायचं. आमच्या थायोच्या ताकदीला एक मिलिलिटर म्हणजे साडेतीन टक्क्यांहून किंचित जास्त क्लोरीन. बाकी गुणाकार.

त्या दिवशी मी मोखाड्याला होतो. जव्हारहून बाईंनी दोन गावांतल्या पोत्यांचे फोटो पाठवले, आधी दाभोशाचं, मग सूर्यमाळचं. चार फोटो यायला हवे होते. चारच आले, पण दुसरा आणि तिसरा एकच होता. टोकाला लोंबणारा थेंब तोच, काचेवर पडलेली खिडकीची तिरीप तीच.

मी ताबडतोब फोन लावला.

"बाई, एक फोटो दोनदा आलाय."

"दोनदा पाठवलाय, सर. पहिल्याचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात. मध्ये ब्युरेट भरलीच नाही."

"का नाही भरली?"

"थायो संपत आलंय. नवीन करायला डिस्टिल्ड वॉटर नाही, ते येतंय म्हणे जीपनं. कधी येतंय ते जीपवाल्याला ठाऊक. वजाबाकीला शून्यापासूनच सुरुवात लागते असं कुठं आहे, सर?"

रसायनशास्त्रात ती बरोबर होती. नळीत पुरेसं द्रावण असेल तर कुठूनही सुरू करता येतं. पण मला त्यात डाव दिसला. एका नमुन्याचं टायट्रेशन केलं, दुसऱ्याचं केलंच नाही, नुसता शेवटचा एक फोटो काढला. आणि दुसरा नमुना कुठला? सूर्यमाळचा. तिच्या माहेरचा.

अशा मनाने मी आकडे वाचायला बसलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

पहिल्या फोटोत ०.४. शेवटच्यात १२.२. दोन्ही स्वच्छ. मधला, म्हणजे दोन्ही नमुन्यांत वापरायचा, तो जरा अडचणीचा होता. ब्युरेट धरणारा क्लॅम्प नेमका पातळीच्या वर आला होता आणि त्याखाली एक आकडा झाकला गेला होता. पातळीच्या खाली सहा दिसत होता. मी क्लॅम्पपासून खाली रेघा मोजल्या, दर रेघ ०.१ ची, सहा भरल्या. दिसणारा आकडा सहा, रेघा सहा. लिहिलं, ६.६.

दाभोसा: ६.६ वजा ०.४, म्हणजे ६.२. बावीस टक्के. पास.

सूर्यमाळ: १२.२ वजा ६.६, म्हणजे ५.६. वीसला थोडी कमी. नापास.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. सापडली, असं मनात म्हणालो. काय सापडलं, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पोतं नापास झालं होतं, म्हणजे माहेरचं पास करायला तिने लबाडी केली हे तर उलट खोटंच ठरत होतं. पण संशयाला हिशोब जुळावा लागत नाही. मी म्हटलं, लबाडी करायला गेली आणि तीही नीट जमली नाही.

दोन्हीकडे फोन करून कळवून टाकलं. दाभोशाची पावडर वापरा. सूर्यमाळचं पोतं परत पाठवा.

थोड्या वेळाने बाईंचा फोन.

"सर, उलटं कसं झालं? माझ्यासमोर दाभोशाचं निळं लवकर गेलं. कमी थायो लागलं. सूर्यमाळला जास्त."

"फोटोत तसं नाही."

"मधला आकडा किती घेतलात?"

"आहे तो घेतला. बेरीज करून बघा, सहा पॉइंट दोन आणि पाच पॉइंट सहा, अकरा पॉइंट आठ. शेवटच्यातून पहिला वजा केला तरी अकरा पॉइंट आठ. जुळतंय."

"बेरीज जुळणारच हो सर! मधला काहीही धरा, एकात वाढेल तेवढं दुसऱ्यात घटेल."

"तुमच्या गावाची काळजी कळते मला, बाई."

मग ती म्हणाली, "बरं. ताजी पावडर तोलून परत करते. या खेपेला दोन्ही शून्यापासून." आणि फोन ठेवला. उरलेलं थायो त्यात जाणार हे तिलाही माहीत होतं, मलाही.

संध्याकाळी मोखाड्याच्या स्टँडसमोर चहा घेताना मी तो फोटो उघडला. या वेळी दोन बोटांनी मोठा केला. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात. पातळीच्या खाली सहा असेल तर पातळी अजून सहापर्यंत पोचलेलीच नाही. क्लॅम्पखाली पाच होता. पाच आणि सहा रेघा. ५.६. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं सरळ.

म्हणजे दाभोसा ५.२, साडेअठरा टक्के, नापास. सूर्यमाळ ६.६, तेवीसच्या वर, चांगली. दोन्ही निकाल मी उलटे फिरवले होते.

फोन हातातच होता. दाभोशाच्या जलसुरक्षकाला, म्हणजे विहिरीत पावडर टाकतो त्या माणसाला, एक फोन करायचा होता. 'टाकू नका' एवढंच म्हणायचं. मी तो केला नाही. केला असता तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि ते बाईंपर्यंत गेलं असतं. मी स्वतःला सांगितलं, उद्या तिचे नवे फोटो येतील, त्यावर बघू. चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. चार वेगवेगळे. शून्य ते ५.२. शून्य ते ६.६. क्लॅम्प बराच वर सरकवलेला. खाली एक ओळही लिहिली नव्हती, टोमणासुद्धा नाही. तिने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

तरी मी आणखी एक दिवस घालवला. बदली पोत्याची सोय होऊ दे, मग एकदमच जाऊ, असं म्हणत. मग जीपमध्ये चांगलं पोतं टाकून दाभोशाला गेलो. जलसुरक्षक विहिरीपाशीच भेटला.

"ही काढून घेतो," मी म्हणालो. "फेरतपासणीत कमी निघाली."

"पर तुमीच पास केली व्हती ना, सायेब?"

"पहिला फोटो स्पष्ट नव्हता."

त्याने उघड्या पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग कालच फोन मारायचा ना. दोन येळा टाकली मी." पोत्याचं तोंड दुमडत म्हणाला, "खालच्या घरात दोन पोरांना जुलाब हायेत. परवापासनं."

मुलं बरी झाली. मी नंतर विचारत राहिलो, बरी झाली. कमी कसाच्या पावडरीने झालं की आधीच पोटात काही गेलं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. परवापासून म्हणजे माझ्या फोनच्या आधीपासून की नंतर, हेही मी त्याला नीट विचारलं नाही. उत्तर नको होतं.

फाइलमध्ये मी लिहिलं: 'छायाचित्र अस्पष्ट असल्याने फेरतपासणी.' फोटो तिने काढला होता, त्यामुळे वाचणारा दोष कुणाला देईल हे उघड होतं. वरून पत्र आलं, तंत्रज्ञाने छायाचित्रे काळजीपूर्वक घ्यावीत. मी ते तिला वाचून दाखवलं. क्लॅम्प पातळीजवळ बांधणं ही तिची चूक होतीच, असं मी बराच काळ घोळवत राहिलो. होती. पण त्या फोटोत सहा स्वच्छ दिसत होता, आणि वाचता येणाऱ्याला तेवढा पुरे होता.

परवा जव्हारला प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. ती ब्युरेट धूत होती. मी सांगून टाकलं. मधला आकडा पाच पॉइंट सहा होता, मी चुकीचा वाचला, आणि फोटो अस्पष्ट नव्हता.

ती धुवायची थांबली नाही.

"ते मला त्याच दिवशी कळलं, सर. एक मिलिलिटर इकडचा तिकडे गेला की दुसरं काय असणार." नळी उलटी करून तिने स्टँडला लावली. "मला एवढंच कळत नव्हतं, की तुम्हाला कधी कळलं. माझे दुसरे फोटो बघून, की आधीच?"

दुसरे फोटो बघून, असं म्हणता आलं असतं. तिला पडताळता आलं नसतं.

"आधीच," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी."

तिने हात पुसले.

"मग दाभोशाला सांगा, सर. मला सांगून काय उपयोग?"

मी उद्या जातोय.