घर्षणाने न खाल्लेला तिसरा हिस्सा

सयाजी निकमांना सांगलीच्या विश्रामबागेत सगळे ओळखत, पण त्यांच्या खोलीवर जाणारा माणूस एकच होता. कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रोफेसरांनी फळ्यावर सिद्ध करायचं आणि ते खरंच तसं घडतं हे यांनी प्रयोगशाळेत मुलांना दाखवायचं. मूळ गाव कवठे महांकाळच्या बाजूला, कोरडवाहू. भाऊ शेत बघत होता. बायको चंद्राबाई विषमज्वराने गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न करा म्हणणाऱ्यांना ते असं काही बघत की माणूस विषय बदलून पावसापाण्यावर येई.

माणूस वाईट नव्हता हो. एकच खोड होती. वाद निघाला की तो जिंकल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही, आणि तोही तोंडाने जिंकून भागायचं नाही, करून दाखवायचं. खाणावळवाल्या रंगूबाई म्हणाल्या, माझा तराजू सरळ आहे. झालं. यांनी प्रयोगशाळेतली वजनं रुमालात बांधून आणली आणि भर पंगतीत तराजू खोटा ठरवला. तराजू खोटा होताच. पण पुढचा महिनाभर यांच्या ताटात तेवढी करपलेली भाकरी पडत राहिली, आणि ती का, हे गृहस्थांना कळलं नाही ते नाहीच.

तर खोलीवर जाणारा तो एक माणूस म्हणजे अल्लाबक्ष अत्तार. तोही डेमॉन्स्ट्रेटर, सांगलीचाच, पेठेत बापाचं दुकान. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. संध्याकाळी दोघं चालत विश्रामबागच्या स्टेशनावर जायचे, चुरमुरे-शेंगदाणे घेऊन बाकावर बसायचे, मिरजेकडून येणारी छोटी गाडी बघायचे आणि परतायचे. पुस्तकं सगळी इंग्रजी, पण दोघांची समजूत मराठी, म्हणून एकमेकांना समजावत बसायचं. चार वर्षं हे चाललं.

मोडलं ते एका पितळी रुळावरून.

लढाईचे दिवस. प्रयोग साधा होता. उतरत्या फळीवरून भरीव रूळ सोडायचा आणि तळाशी त्याचा वेग मोजायचा. उंचीवरून हिशोब केला तर जेवढी ऊर्जा मिळायला हवी, तिच्यातली वेगात दिसते दोन तृतीयांश. तिसरा हिस्सा कुठं गेला? सयाजीरावांनी नेहमीसारखं सांगून टाकलं, "फळीच्या घर्षणानं खाल्ला."

शेजारच्या टेबलापाशी उभा असलेला अल्लाबक्ष सहज म्हणून गेला, "घर्षण इथं काही खात नाही, सयाजीराव. रूळ घसरत नाही, गडगडतो. जिथं तो फळीला टेकतो तो बिंदू त्या क्षणापुरता थांबलेला असतो. जागचं न हलणाऱ्यावर लावलेल्या जोराचं काम शून्य."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. सयाजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काम शून्य," ते म्हणाले. "मग रुळाला फिरवतं कोण?"

"घर्षण."

"फिरवायला काम लागतं का नाही?"

अल्लाबक्षने रुळाकडे बघितलं. आपलं म्हणणं खरं आहे हे त्याला दिसत होतं, आणि या प्रश्नाचं उत्तर दिसत नव्हतं.

सयाजीरावांनी तेवढ्यात फळी चांगली उभी करून रूळ एकदा तसाच सोडून दाखवला, मग तिच्यावर काचेची पट्टी बसवली आणि तिला जाडसर तेल चोपडलं. रूळ सोडला. तो जेमतेम आळसट वळत, सरळ घसरत खाली आला, आणि मघापेक्षा लवकर आला.

"बघा रं पोरांनो. घर्षण काढलं, रूळ फिरायचा थांबला आणि वेगही वाढला. खाणारा गेला की ताटात उरतंय. अत्तारसाहेबांचं घर्षण मात्र उपाशीपोटी राबतंय."

पोरं खदाखदा हसली. अल्लाबक्षने तेलाचा हात फडक्याला पुसला. तेल सयाजीरावांनी लावलं होतं, पण रूळ पकडला होता अल्लाबक्षने, खाली पडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी तो स्टेशनावर आला नाही. वर्ष संपायच्या आत पाचगणीच्या एका शाळेत जागा बघून निघूनही गेला. जाताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या देऊन म्हणाला, "येतो, सर." चार वर्षं स्टेशनाच्या बाकावर 'तू' आणि 'रं' करणारा माणूस 'सर' म्हणाला. सयाजीरावांना वाटलं, चेष्टा करतोय.

मग लागला एकटेपणा. पहिले काही दिवस ते बाकावर जाऊन बसले. चुरमुऱ्यांचा पुडा एका माणसाला जास्त होतो हे तिथं कळलं. गाडी यायची, दोनचार माणसं उतरायची, हमाल विचारायचा, "मास्तर, कुणी यायचंय व्हय?" "न्हाई," म्हणायचे. शेवटी त्या विचारण्यालाच कंटाळून त्यांनी जाणं सोडलं. खोलीत बसून राहायचे. वाद घालायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं, म्हणून मनातल्या मनात अल्लाबक्षशीच घालायचे, आणि दरवेळी तेलाच्या पट्टीपर्यंत येऊन जिंकायचे.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज ओस पडलं. सयाजीरावांच्या डोक्यात आलं, आपली बाजू आणखी पक्की करावी. दोन सारख्या फळ्या शेजारी शेजारी मांडल्या. एक गुळगुळीत, एकीला खरकागद डकवलेला. दोन सारखे रूळ. खरखरीत फळी जास्त खाणार, तिचा रूळ मागं पडणार. अल्लाबक्षवर परत एकदा बाजी मारायची.

दोन्ही रूळ जवळजवळ एकदमच खाली आले.

फळ्या अदलाबदल केल्या, रूळ अदलाबदल केले. तेच. सयाजीराव स्टुलावर बसले. खाणारा कितीही दांडगा केला तरी घास तेवढाच, बरोबर तिसरा हिस्सा. असला खाणारा कुठं असतो? खाल्लेल्याची उष्णता तरी व्हायला हवी. त्यांनी फळीला हात लावला, रुळाला गालावर धरलं. दोन्ही गार.

मग कागद घेऊन बसले आणि रुळाच्या फिरण्यातली ऊर्जा काढली. भरीव रुळाला पुढं जाण्यात दोन वाटे असतील तर फिरण्यात एक वाटा. हरवलेला तिसरा हिस्सा तो एवढाच. पाठ्यपुस्तकात तो होता, त्यांनी शिकवलाही होता, पण जडत्वाच्या धड्यात. दोन धडे त्यांच्या डोक्यात एकमेकांशी बोलत नव्हते.

तरी जीव मानेना. करून बघितल्याशिवाय ते स्वतःचंही ऐकत नसत. समोर दुसरी फळी चढती लावली आणि दोन्हींच्या मध्ये पत्र्याचा गोलसर बाक दिला, रुळाला ठेच लागू नये म्हणून. घर्षणाने तिसरा हिस्सा खाल्ला असेल तर रूळ समोर दोन तृतीयांश उंचीवर थांबेल. सोडला. तो उतरला, बाक ओलांडून चढला आणि जवळजवळ सोडल्या उंचीला जाऊन पोचला. किंचित कमी, ते हवेचं आणि पत्र्याचं. म्हणजे फिरण्यात ठेवलेलं सगळं चढताना परत मिळालं होतं.

आता त्यांनी तीच तेलाची काच चढत्या फळीवर बसवली. उतार कोरडा, चढ तेलकट. रूळ गडगडत उतरला, तेलावर चढायला लागला आणि दोन तृतीयांशाच्या थोडा वर जाऊन थांबला. तेल झालं तरी थोडं धरतंच. पुढं जाणं थांबलं, पण फिरणं थांबलं नव्हतं. त्या जागी रूळ आपला एकटाच गरगर फिरत राहिला, अर्धा क्षण, आणि फिरत फिरतच मागं घसरला.

सयाजीरावांनी तो पुन्हा सोडला. पुन्हा सोडला. तिसरा हिस्सा तिथं फिरत होता. त्याला उंचीत बदलून घेणारं घर्षण नव्हतं, म्हणून तो तसाच अडकून पडत होता.

आणि मग त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर आलं. फिरवतं घर्षणच. पण पुढं जाण्यातून जेवढं काढतं, तेवढंच फिरण्यात घालतं. बाजारातला अडत्या असावा, याच्याकडून घेऊन त्याला द्यावं आणि दलालीला हात लावू नये, तसलं. बेरीज शून्य. अल्लाबक्षचं म्हणणं खरं होतं आणि सयाजीरावांनी विचारलेला प्रश्नही खोटा नव्हता. फक्त तो त्यांनी हसं करायला विचारला होता.

हे सांगायला जगात एकच माणूस होता, आणि तो पाचगणीला.

रूळ पिशवीत घालून ते निघाले. वाठारपर्यंत आगगाडी, पुढं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. पेट्रोल लष्कराला, आणि या गाडीला पसरणीच्या घाटात दम लागायचा. उतारू खाली उतरून ढकलायचे. सयाजीरावांनीही ढकललं. रस्ताभर ते पहिलं वाक्य जुळवत होते.

अल्लाबक्षने दार उघडलं. "या, सर. बसा." त्याची बायको जैनब पडद्याआडून चहा देऊन गेली. सयाजीराव जुळवलेलं वाक्य विसरले. त्यांनी रूळ काढून टेबलावर ठेवला आणि सुट्टीतलं सगळं सांगितलं, खरकागद, बाक, तेलावर फिरत राहिलेला रूळ.

अल्लाबक्ष पुढं सरकला. "वर थांबल्यावर फिरत होता? तुमी बघितलं?"

"दहादा बघितलं गड्या."

"मला हे सुचलं न्हाई," तो हळू म्हणाला. "लय दिवस वाटायचं, हाय काय तरी, पर दावायचं कसं. चढ लावायचा. हां." त्याच्या डोळ्यांत जुनं काहीतरी आलं. बोटाने टेबलावर चढ काढला, तेलाची जागा दाखवली, आणि दोघं घटकाभर त्यावर वाकून बसले.

मग सयाजीराव म्हणाले, "परत ये रं सांगलीला. जागा हाय अजून."

अल्लाबक्षने बोट उचललं. "पोरांसमोर झालं होतं ते."

"पोरांसमोर सांगतो मी."

"कुठल्या पोरांसमोर? ती गेली की. निम्मी पलटणीत, निम्मी कुठं कुठं. त्यांच्या डोक्यात मी तसाच राहिलो, तेलाच्या हाताचा." तो रागावला नव्हता. "हितं बरं चाललंय, सर. चहा गार होतोय."

सयाजीराव चहा प्यायले. मुक्कामाचा आग्रह झाला, अदबीचा झाला, आणि तसल्या आग्रहाला राहायचं नसतं एवढं त्यांना आता कळत होतं.

जूनमध्ये नवा वर्ग आला. सयाजीरावांनी दोन फळ्या लावल्या, मध्ये पत्र्याचा बाक दिला, तेल लावलं. आधी सांगितलं, "मागं मी ह्या जागेवर चुकीचं शिकवलं, आणि अल्लाबक्ष अत्तारांनी बरोबर सांगितलं तर त्यांचं हसं केलं. आता बघा." रूळ तेलावर चढला, थांबला, फिरत राहिला. पोरं बघत होती. त्यांच्यात कुणीच अत्तारांना पाहिलेलं नव्हतं.

मागच्या बाकावरून सिद्धू नावाच्या पोराने विचारलं, "सर, ते अत्तार सर कुठं असतात?"

"पाचगणीला," सयाजीराव म्हणाले, आणि तेल पुसायला फडकं शोधू लागले.