फक्तबाई

ऑफिसात त्यांना सगळे फक्तबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यांनाही ते चाले. एका धर्मादाय निधीच्या कचेरीत त्या आजारी माणसांच्या मदतीची मंजुरीपत्रं लिहीत. रक्कम आकड्यात लिहिली की लगेच अक्षरांत लिहायची आणि पुढे ‘फक्त’ घालायचं. आकड्यानंतर तिरकी रेघ आणि आडवी रेघ, म्हणजे शेपटाला कुणी एखादं शून्य चिकटवू नये. हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं. लग्नानंतर घरात वाणसामानाची यादी लिहितानासुद्धा ते सुनेला म्हणायचे, “पोरी, तुझ्या एकाचा नऊ होतोय बघ.” तेव्हा तिला राग यायचा. पुढे त्याच बोलण्याने बाईंची नोकरी टिकली, आणि आता सासरे नसले तरी प्रत्येक पत्राखाली त्यांचा हात असल्यासारखं बाईंना वाटे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. इस्पितळाच्या हिशेब खिडकीवरचे कारकून बोलत होते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी ठरलं होतं, आणि निधीच्या मंजुरीपत्राची मुदत संपलेली दिसत होती. मुदत पत्राच्या तारखेपासून साठ दिवस. पत्रावर तारीख होती ०७/०३, म्हणजे सात मार्च. मुदत मे महिन्यातच संपली. मंजुरी नसेल तर आज संध्याकाळी उद्याच्या यादीतून नाव निघणार, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी.

पत्र तर तीन जुलैचं. फक्तबाईंनी स्थळप्रत, म्हणजे कचेरीत ठेवलेली नक्कल, काढली. तारखेची जागा त्या नेहमी रिकामी सोडत, कारण सही ज्या दिवशी होईल तीच तारीख खरी. मग जावक टेबलावर शिक्का पडे. जुना शिक्का झिजला म्हणून एक जुलैला नवा आला होता. त्यात महिना आधी आणि दिवस नंतर उमटत होता. महिन्याच्या सुरुवातीचे दिवस, दोन्ही आकडे बारापेक्षा लहान, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला खुपलं नाही. अक्षराअक्षराला जपणाऱ्या बाईंनी शिक्क्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

“पण तुम्ही पत्र परत नाही पाठवलंत,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“पाठवणारच होतो,” कारकून म्हणाले. “मग संदर्भ वाचला. ‘आपला दिनांक २५ जूनचा अर्ज.’ महिना अक्षरांत, आणि वर्ष यंदाचंच. म्हटलं, जूनच्या अर्जाला मार्चमध्ये उत्तर देणारा निधी आपल्याकडे असता तर आपलं भलं झालं असतं.”

बाईंना हसू आलं, आणि हसताना डोळे भरले.

पुढचं काम त्यांनी शांतपणे केलं. मूळ पत्रावर खाडाखोड करायची नाही, तो मोह घातक. खाडाखोड दिसली की कुणालाही शंका येते. त्यांनी शुद्धिपत्र लिहिलं. मूळ पत्राचा क्रमांक पूर्ण उतरवला, विभागाची अक्षरं, अनुक्रमांक आणि वर्षही, कारण तोच अनुक्रमांक गेल्या वर्षीच्या एका पत्रालाही होता. ‘शिक्क्यात ०७/०३ असे उमटले आहे, ते ३ जुलै असे वाचावे,’ असं लिहून पुढे वर्ष घातलं. मग ‘मंजूर रक्कम ४०,०००/- (अक्षरी चाळीस हजार फक्त) कायम आहे.’ शुद्धिपत्राची तारीखही या वेळी हातानेच लिहिली, महिन्याच्या नावासकट. साहेबांनी सही करताना मान वर केली आणि आजच्या आज नवा शिक्का बाद करा म्हणाले. तोवर गेलेल्या सगळ्या पत्रांची यादी जावक टेबलाने काढायला घेतली.

पत्र घेऊन त्या स्वतः इस्पितळात गेल्या. खिडकीमागचे कारकून निम्मे टक्कल पडलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेले. त्यांनी शुद्धिपत्र मूळ पत्राला टाचलं, दोन्ही क्रमांक बोटाने जुळवले आणि ऑपरेशनच्या यादीवर मुलीच्या नावापुढे खूण केली.

“तुमच्या साहेबांना आभाराचं पत्र पाठवते,” बाई म्हणाल्या.

“नको हो. आलं की मलाच आवक वहीत चढवावं लागेल.”

जिन्याजवळ मुलीची आई बसली होती. निधीच्या बाई आल्यात हे कळताच ती उठून त्यांच्या पाया पडायला वाकली. फक्तबाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं आणि खिडकीकडे नेलं. “यांना सांग, ताई,” त्या म्हणाल्या. “मी लिहिलं होतं. यांनी वाचलं.”

ती बाई काचेच्या भोकाशी तोंड नेऊन काहीतरी हळू बोलली. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ पुन्हा लावला नाही.