आवाज आधी, ओठ मागून

आमचा फ्लॅट विरार पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आहे. मी आणि आई, दोघीच राहतो. आईचे कान गेल्या चार-पाच वर्षांत हळूहळू मंद झाले आणि दोन्ही कानांत मशीन आलं. मात्र ती माणसाचं बोलणं नुसतं ऐकत नाही, बघतेही. तिने वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पॅकिंगला कितीतरी वर्षं काढली. तिथे मशीनच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून बाया एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. ती सवय म्हातारपणी तिच्या कामी आली.

"नुसत्या ओठांवर भागत नाही," ती मला एकदा समजावत होती. "पाय, बाय, माय, तिन्हीला ओठ सारखेच मिटतात. तिथे कान लागतो. आणि पाठ, काठ, गाठ कानाला एकसारखं येतं, तिथे ओठ लागतात."

दर रविवारी दुपारी मावशीचा व्हिडिओ कॉल येतो. मावशी आईची धाकटी बहीण, गुहागरजवळच्या गावी राहते. फोनवर तिचा चेहरा सुपारीएवढा दिसायचा आणि ओठ तर दिसायचेच नाहीत. त्यामुळे हॉलमध्ये मोठा टीव्ही आल्याबरोबर मी फोनची स्क्रीन टीव्हीवर दाखवायची सोय करून दिली. आवाज तेवढा फोनवरून ब्लूटूथने थेट आईच्या कानातल्या मशीनमध्ये जायचा आणि माझ्यासाठी फोनच्या स्पीकरवरही यायचा. पहिल्या रविवारी टीव्हीभर मावशी दिसली, तेव्हा मला वाटलं, काम झालं.

आई मात्र त्या दिवसापासून कॉल संपला की डोळे चोळायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही." मग एका बुधवारी भाजी निवडताना तिने हळूच विचारलं, "गाठ दुखायला लागली म्हणजे ती वाईटच असते का गं?"

"कुणाला आलीय गाठ?"

"तुझ्या मावशीला. रविवारी म्हणाली, गाठ दुखतेय म्हणून. मी पुन्हा विचारलं नाही. ती पुढे नारळाचं काहीतरी बोलत होती, म्हटलं विषय बदलतेय."

मी तिथल्या तिथे मावशीला फोन लावला. मावशी हसली. तिची पाठ दुखत होती. नारळाची टोपली उचलताना लचक भरली होती, आणि नारळाचं बोलणं म्हणजे तेच. मी फोन ठेवून आईला सांगितलं. आईने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

"ती तुला सांगणार नाही. तू तिच्यापेक्षा लहान. मला तिच्या तोंडून बघू दे."

"मग रविवारी बघितलंस की."

"रविवारी बघितलं, पण जुळत नाही ना. ती आधी बोलते आणि मग तोंड उघडते."

मी भाजीचं ताट बाजूला सारलं. इतके रविवार मी तिच्याशेजारी बसत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला ऐकू येतं, म्हणून मी टीव्हीकडे नीट बघतच नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघी तपासायला बसलो. मी आधी फोनवरून एका स्वयंपाकाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. त्यातल्या बाईचे ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळत होते. आई म्हणाली, "बघ, टीव्ही बिघडलेला नाही." मग मी दुसऱ्या खोलीत जाऊन माझ्या ऑफिसच्या फोनवरून आईच्या फोनला व्हिडिओ कॉल लावला आणि आकडे म्हणत बसले. आईने तिचा फोन टीव्हीच्या खाली धरला आणि दोन्ही पडदे एकदम बघितले. हाक मारून तिने निकाल सांगितला. फोनमध्ये माझे ओठ आवाजाबरोबर हलत होते, टीव्हीत मागाहून.

म्हणजे उशीर मावशीकडून येत नव्हता, आमच्याच घरात, फोन आणि टीव्हीच्या मध्ये होत होता.

पण स्वयंपाकवाल्या बाईला उशीर का नव्हता? या प्रश्नाने मला रात्रीपर्यंत सोडलं नाही. वाचता वाचता उलगडा झाला. तो व्हिडिओ फोनमधून टीव्हीत जातच नाही. फोन टीव्हीला फक्त सांगतो, अमुक व्हिडिओ लाव. टीव्ही तो इंटरनेटवरून स्वतः आणतो, आवाज आणि चित्र दोन्ही, आणि पुढचा थोडा भाग आधीच घेऊन ठेवतो. कॉलचं तसं नाही. फोनच्या पडद्यावर जे दिसतं त्याचं चित्र फोन सारखं बनवत राहतो, लहान करतो, राउटरकडे पाठवतो, राउटर ते टीव्हीकडे देतो आणि टीव्ही ते उघडून दाखवतो. कॉलचा आवाज मात्र आमच्याकडे फोनमध्येच राहत होता आणि तिथून सरळ आईच्या कानात जात होता. आवाज जवळच्या वाटेने आणि चित्र लांबच्या.

सकाळी मी हे आईला सांगितलं. तिने चहा गाळता गाळता विचारलं, "लांबची म्हणजे किती लांब? फोन इथे, टीव्ही तिथे."

"फोनकडून बेडरूममध्ये, आणि बेडरूममधून परत हॉलमध्ये."

आमचा राउटर बेडरूममध्ये होता. फायबरची तार त्या खिडकीतून आत आली होती आणि बसवणाऱ्याने तो लोखंडी कपाटावर ठेवून दिला होता. नंतर आईने त्याच्यासमोर पत्र्याची ट्रंक ठेवली, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे तिला झोप येत नसे. म्हणजे खाली लोखंड, समोर पत्रा, आणि मग हॉलपर्यंत दोन भिंती.

उशीर मोजायची युक्तीही मला वाचताना सापडली. आईच्या फोनवर सेकंदाचं घड्याळ चालू करायचं, ते टीव्हीवर दाखवायचं आणि माझ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढायचा. फोटोतल्या दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा उशीर. पहिल्या फोटोत तो सेकंदाहून जास्त निघाला. आईने चष्मा वर करून फोटो पुन्हा पुन्हा बघितला. तिला वाटत असलेली गोष्ट आता आकड्यात दिसत होती, याचं तिला फार बरं वाटलं.

"एवढ्या वेळात माणूस पुढचा शब्द बोलून मोकळा होतो," ती म्हणाली.

मी ट्रंक काढली. फरक थोडा कमी झाला. मग वाय-फायची यादी उघडली. आमच्याच राउटरची दोन नावं दिसत होती, एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी पाचचा आकडा. फोन आणि टीव्ही दोन्ही साध्यावर होते. त्या यादीत आख्ख्या बिल्डिंगची नावं होती, वरच्यांचं, खालच्यांचं, समोरच्या विंगचं. आईने ती गंमत म्हणून मोठ्याने वाचली.

"हे सगळे कुठे असतात?"

"आपल्याच हवेत. साध्या नावाचा सिग्नल लांबवर जातो, भिंतीही सहज ओलांडतो. म्हणून तर सगळ्यांचे इथे येऊन पोचतात. त्याला रस्ते थोडे, सगळे त्याच रस्त्यांवर. तुझ्या कानातलं ब्लूटूथही तिथेच बोलतं."

"मग पाचवाला?"

"त्याला रस्ते जास्त आणि गर्दी कमी. पण भिंतीपाशी दमतो."

"लाव तर तो."

मी दोन्ही यंत्रं पाचवर घेतली आणि फजिती झाली. हॉलमध्ये त्याच्या रेंजची एकच काडी येत होती. टीव्हीवरचं घड्याळ चौकोन-चौकोन होऊन थांबायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. फोटो काढला तर उशीर आधीहून जास्त. आईने फोन हातात घेतला आणि तशीच चालत बेडरूमकडे निघाली. दारात तिला तीन काड्या मिळाल्या, कपाटाजवळ सगळ्या. परत हॉलमध्ये आली, पुन्हा एक. ती दोनदा गेली आणि आली.

"हा तापट दिसतो," ती म्हणाली. "समोर बसवला तर चांगला वागेल."

राउटर हलवायचा तर फायबरची तार वाढवायला हवी होती, आणि ती जोरात वाकवली तर आतल्या आत तुटते, त्यामुळे मी स्वतः हात लावला नाही. इंटरनेटवाल्यांचा माणूस शुक्रवारी आला. त्याने लांब तार आणली आणि चौकटीच्या कडेने फिरवत हॉलपर्यंत नेली. त्याचा विचार राउटर टीव्हीच्या पाठीमागे लपवायचा होता, तिथे छान दिसला असता. मीच नको म्हटलं, टीव्हीच्या पाठीला सगळा पत्रा असतो. हॉलच्या बाजूच्या भिंतीवर आईची उघडी लाकडी फळी होती, तिच्यावर पितळेचे डबे मांडलेले. आईने डबे उतरवून स्वयंपाकघरात नेले आणि फळी पुसून दिली. टीव्ही आणि सोफा दोन्ही तिथून सरळ दिसत होते.

पुन्हा घड्याळ, पुन्हा फोटो. आता फरक पाव सेकंदाहूनही कमी होता. मी चार-पाच वेळा काढून बघितला, पण शून्य काही येईना. चित्र बनवायला आणि उघडायला लागणारा वेळ तेवढा राहतोच. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारं एक बटण बंद केलं आणि चित्र लगेच दाखवणारा गेम मोड लावला, तेव्हा आणखी किंचित कमी झाला. पुढचं आईवर सोपवलं.

रविवारी जेवणं लवकर आटोपली. आई सोफ्याच्या कडेला, पुढे सरकून बसली होती. मावशी पडद्यावर आली आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "ताई, जेवलीस?"

आई तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय दुखतंय तुझं? सांग परत."

"अगं, तुझ्या मुलीला सांगितलं ना."

"मला सांग."

"पाठ. पाठ दुखतेय माझी."

मावशीचे ओठ मिटले आणि उघडले. मी या वेळी टीव्हीकडेच बघत होते. आवाजाच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्यासोबतच. आईचे खांदे खाली आले.

"पाठ," आई म्हणाली.

"हो. मग काय वाटलं तुला?"

आईने उलट मावशीलाच झापलं, या वयात टोपल्या कशाला उचलतेस, घरात दुसरं कुणी नाही का. मावशीने वळून, पदर बाजूला करून चिकटवलेली पट्टी दाखवली. मग दोघी पाऊण तास बोलत होत्या आणि आईने एकदाही डोळे चोळले नाहीत. मध्ये मी पाणी आणायला उठले आणि राउटरच्या फळीसमोर रेंगाळले, तर आईने टीव्हीवरची नजर न हलवता हाताने मला बाजूला व्हायला सांगितलं.

कॉल संपल्यावर ती बेडरूममध्ये गेली. मी मागोमाग गेले तर पलंगावर तिची प्रवासाची बॅग उघडी होती. आत चार साड्या, औषधं, शाल. बुधवारीच भरून ठेवली होती, म्हणाली. मला न सांगता सोमवारच्या गाडीने मावशीकडे जायचं ठरवून बसली होती. ती साड्या एकेक करून कपाटात परत ठेवत होती. कपाटाच्या वर राउटरच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता.

"एक सांग," ती म्हणाली. "साधा भिंतीतून जातो आणि पाचवाला अडकतो. भिंत तीच ना? मग एकाला जाऊ देते आणि दुसऱ्याला का नाही?"

मी म्हटलं, दोघांच्या लाटा लहानमोठ्या असतात, लहान लाट भिंतीत लवकर विरते, इतकंच मी वाचलंय.

"का विरते?"

"माहीत नाही, आई."

"मग वाचून सांग," ती म्हणाली आणि शाल घडी करायला लागली.