कापलेल्या वेळापत्रकावर बेतलेला आठवडा

सातवीनंतर वडिलांनी मला शाळेतून काढलं आणि धाकट्या भावाला बोर्डिंगात घातलं. तो पुढे मास्तर झाला, मी खर्डा गावात मिरची-मसाल्याचं दुकान उभं केलं. दुकान माझं मी केलं. पण भाऊ घरी आला की वडील त्याला वर्तमानपत्र वाचायला सांगत आणि मला चहा ठेवायला. ते मला कधी पचलं नाही. म्हणून मी बाहेरून मॅट्रिकचा अर्ज भरला.

सासूबाईंनी एकच अट घातली. "या एका परीक्षेपुरती मी दुकानात बसते. नापास झालीस तर पुना नाव काढायचं न्हाई."

तालुक्याच्या शाळेत कोणत्या विषयाला कोणते धडे आणि कोणता पेपर कधी, याचे दोन टंकलेले कागद फळ्यावर लावले होते. कारकून म्हणाला, प्रती संपल्या, उतरवून घ्या. उतरवत बसले असते तर शेवटची एस.टी. चुकली असती. त्याच दिवशी आवारात मुलांचा ग्रुप फोटो चालला होता. मी फोटोग्राफरला गाठलं.

"दादा, रोलात किती फोटो उरले?"

"दोन. का?"

"ते कोरेच धुवायला टाकणार का? या दोन कागदांचे काढा."

"बाई, कागदाचा फोटो कुणी काढतं व्हय?"

"मी काढते. रोल संपल्याशिवाय तुमाला धुता येनार न्हाई, आन् पोरांच्या आया फोटोसाठी दारात उभ्या हायत."

तो हसला आणि कॅमेऱ्याचा स्टँड फळ्याकडे वळवला. प्रिंटांच्या बदल्यात त्याने आमच्या काळ्या मसाल्याचा डबा मागितला. मी लहान डबा दिला.

पुढच्या आठवड्यात फोटो हाती आले. भिंग घेऊन वाचले आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडा आखला. शेवटच्या पेपरापासून मागे मागे येत गेले. आठवडी बाजारात माल विकून डोकं शिणलेलं असतं, म्हणून त्या दिवशी फक्त मराठीच्या कविता. गणित आणि इंग्रजी रोज पहाटे, थोडं थोडं, कारण ती एका बैठकीत गिळता येत नाहीत. ज्या विषयाचे धडे जास्त, त्याला वार जास्त. एक संध्याकाळ मोकळी ठेवली, मागे पडलेलं भरून काढायला. भूगोल तारखांच्या कागदावर कुठेच नव्हता. धड्यांच्या कागदावर होता. मी समजूत करून घेतली की तो इतिहासाच्याच पेपरात येत असणार. इतिहासाच्या संध्याकाळी शेवटी नकाशा उघडायचा, एवढंच त्याच्या वाट्याला ठेवलं.

बरेच आठवडे असे गेले. एकदा घाऊक व्यापाऱ्याच्या पावतीशी पोती ताडून बघत होते. पावतीत होतं ते पोतं समोर नव्हतं, म्हणून गाडीवाल्यावर ओरडले. ओरडता ओरडताच भूगोल आठवला. घरात जाऊन तारखांच्या कागदाचा फोटो पुन्हा बाहेर काढून बघितला. फळ्याची लाकडी चौकट डावीकडे दिसत होती. उजवीकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरच्या दुकानात मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला,

"ताई, त्या बाजूची चौकट वाकडी येत हुती. म्हनून कड कापली. लग्नाच्या फोटोची बी कापतो."

"लग्नात नवरी उजवीकडं उभी असली तर?"

"नवरी दिसती हो. तुमचा तर नुसता कागद हुता."

मग मात्र तो आत गेला, निगेटिव्ह शोधली आणि माझ्यासमोर उजेडाकडे धरली. कापलेल्या कडेला 'दुपार' असा रकाना होता. त्यात एकच विषय होता, भूगोल, आणि तो इतिहासाच्याच दिवशी. त्याने मोठा प्रिंट करून दिला आणि मसाल्याचं नावही काढलं नाही. मी भांडायला गेले होते, पण परत येताना माझ्याकडे भांडण उरलं नव्हतं.

आखलेला आठवडा मोडला. मोकळी संध्याकाळ गेली. सकाळी इतिहास, दुपारी भूगोल, मध्ये नवं काही वाचायला वेळ नाही. म्हणजे दोन्ही आधीच पक्के हवेत. मी दोन्ही एकाच दिवशी अभ्यासायला घेतले, आधी इतिहास, जेवण, मग भूगोल, अगदी पेपरासारखे. सवय अंगात मुरावी म्हणून. सासूबाई बघत होत्या. एका बाजाराच्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज बाजारात मी जाते. तू तुझ्या नद्या बघ." त्यांना भाव करता येत नसे. त्या दिवशीचा माल त्यांनी मातीमोल विकला आणि मी एक शब्द बोलले नाही, हे माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही.

भूगोलात मी काठावर सुटले, बाकी बरी. निकाल ऐकून वडील म्हणाले, "भावाला कळव, त्याला बरं वाटेल." मी कळवलं नाही. सासूबाईंनी मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मिरची तोलायची राहिली, पण सांगितलं.